ताईची साखर आणि गप्प बसलेली स्क्रिप्ट

ताईच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे. आकडे सेन्सरच्या कंपनीकडे जातात. ताई प्रोग्रामर, म्हणून तिने स्वतःच्या खात्यातले आकडे आणणारी स्क्रिप्ट लिहिली. साखर घसरली की माझा फोन वाजतो. काल ती ऑफिसात खुर्चीतच कोसळली आणि माझा फोन मात्र वाजलाच नाही.

घरी आल्याआल्या तिने स्क्रिप्टच्या नोंदींचा लॉग उघडला. खात्यात शिरू देणाऱ्या टोकनची, म्हणजे डिजिटल परवान्याची, मुदत तासाभराची. ती संपून ४०१, म्हणजे ‘प्रवेश नाही’ हा कोड आला, की स्क्रिप्ट नूतनीकरणासाठीचं रिफ्रेश टोकन देऊन नवं टोकन घेते आणि तीच विनंती पुन्हा पाठवते. पहिल्यांदा ते जमलं होतं, दुसऱ्यांदा सर्व्हरने नकार दिला होता.

तिने कंपनीला फोन लावला.

“मॅडम, प्रत्येक वेळी रिफ्रेश टोकनही नवं मिळतं. जुनं बाद होतं. तुमची स्क्रिप्ट जुनंच पुन्हा पाठवतेय.”

“हे तुम्ही कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. तुम्ही आमचं ॲपच वापरा ना.”

“रक्त माझं, साखर माझी! तुमचं ॲप माझ्या भावाला उठवायला येणार आहे का?” तिने फोन आपटला.

मग तिने आलेली दोन्ही टोकनं फाइलमध्ये जपून ठेवणाऱ्या ओळी लिहिल्या. “आणि रिफ्रेशच फसलं, तरी तुला फोन येईल,” ती म्हणाली. “आकडे येत नाहीत म्हणजे मी बरी आहे, असं कुणी समजायचं नाही.”

तिने मुद्दाम चुकीचं रिफ्रेश टोकन घातलं. माझा फोन खणखणला.

“वाजला ना? मग वाढ आता, भूक लागलीय.”