कानबाई मुकी जाऊ नये म्हणून

आमच्या पारोळ्याच्या गल्लीत कानबाई देवीच्या विसर्जनाची गाणी दर श्रावणात सासूबाईच म्हणायच्या. यंदा त्या खाटेवरून उठू शकत नव्हत्या. सकाळीच माझा हात धरून त्यांनी बजावलं होतं, "कानबाईले मुकी धाडू नको."

म्हणून त्यांच्याच आवडीची गाणी मी म्युझिक अॅपमध्ये लावून ठेवली होती, आणि दिराचा ब्लूटूथ स्पीकर हातगाडीवर बांधला होता.

थोरल्या जाऊबाईंनी देवीचा पाट डोक्यावर घेतला. तो नदीपर्यंत खाली ठेवायचा नाही आणि गाण्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी गाणं लावलं. स्क्रीनवर ते सरकत होतं, पण स्पीकरमधून आवाज म्हणून नाही.

ब्लूटूथ जोडलेला दिसत होता. आवाज पूर्ण वाढवलेला. जोडणी तोडून पुन्हा जोडली. व्हिडिओचं अॅप उघडलं, तर स्पीकरमधून साबणाची जाहिरात दणाणली. बायका हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग त्याम्हाच लाव ना!" कुणीतरी त्याच व्हिडिओच्या अॅपकडे बोट दाखवत म्हणालं.

"देवीपुढे साबण विकू का?" मी फटकारलं. स्वभाव माझा असाच, घाबरले की तोंड सुटतं.

"लवकर कर, बाई. मान दुखी राह्यनी," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गाण्यांची जबाबदारी माझ्यावर आलेल्या पहिल्याच वर्षी मी सासूबाईंचा शब्द मोडणार होते.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंजवळ बसलेल्या शेजारीण अक्का होत्या. "अवं, टीव्हीवर कानबाईनं गाणं आपोआप वाजी राह्यनं! तुनी सासू टाळ्या वाजाडी राह्यनी!"

आदल्या संध्याकाळी सासूबाईंना ऐकवायला मीच ती गाणी फोनवरून टीव्हीवर सोडली होती आणि अॅप तसंच टीव्हीला जोडलेलं राहिलं होतं. बाकी अॅप स्पीकरवर, हे एकटं घरी गात होतं.

अॅपच्या तळाशी टीव्हीचं चिन्ह दिसलं. तिथे "हा फोन" निवडलं की झालं. पण माझं बोट अडलं. इथे आवाज आला की घरी टाळ्या थांबणार. मला रडूच फुटलं.

नवऱ्याच्या हातातला फोन ओढून घेतला, अक्कांना लावला. "सासूबाईंच्या कानाजवळ धरा," म्हटलं आणि तो फोन स्पीकरसमोर धरला. मग "हा फोन" निवडलं.

गल्ली गाण्यानं भरून गेली. जाऊबाईंचं पाऊल उचललं गेलं.

मी हातगाडीच्या बाजूनं चालत होते. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत हातातल्या फोनमधून सासूबाईंचा चिरका आवाज आला. त्यांनी पुढची ओळ आधीच धरली होती.