भेटले की मिळाले

बाईंचा लेख माझ्याकडे आला तो शाळेच्या वार्षिक अंकासाठी. पनवेलच्या आमच्या शाळेत त्यांनी उभी हयात मराठी शिकवले होते. निवृत्त झाल्यावर त्या आता भावाकडे, इस्रायलला, कायमच्या निघाल्या होत्या. त्यांच्या ज्यू समाजातली बरीच घरे त्या वर्षांत तशी गेली. मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडून निरोपाचा लेख मागून घेतला. मी त्यांचा जुना विद्यार्थी, आता त्याच शाळेत मराठीचा मास्तर, आणि अंकाचे संपादन माझ्याकडे.

मी जवळच्या जासई गावचा. घरी आम्ही ‘आमी’, ‘तुमी’, ‘नाय’ असेच बोलायचो. शाळेत असताना मी निबंधात ‘मला बक्षीस भेटले’ असे लिहिले, तेव्हा बाईंनी ‘भेटले’ खोडून वर ‘मिळाले’ लिहिले होते. माणूस भेटतो, वस्तू मिळते, एवढेच त्या म्हणाल्या. ते मी इतके मनावर घेतले की नोकरीला लागल्यावर आईचेही बोलणे सुधारू लागलो. एकदा ती म्हणाली, “माज्याशी बोलताना तरी मास्तर नको होऊ.” तेव्हा मी हसलो होतो.

बाईंच्या लेखात त्यांच्या आईचे बोलणे होते. “पोरी, तू शिक, घरात काय हाय?” ते अवतरणचिन्हांत होते, म्हणून मी हात लावला नाही. पात्राच्या तोंडी बोली चालते. पण शेवटच्या परिच्छेदाशी थबकलो. तिथे बाईंनी स्वतःच्या शब्दांत लिहिले होते: ‘पनवेलमध्ये मला नोकरी भेटली, राहायला घर भेटले, आणि इथे मागे कोणी न उरलेल्या बाईला माहेर भेटले.’

तिन्ही ठिकाणी ‘मिळणे’ करायला मला एक क्षण पुरे होता. मी केलेही. मग मात्र कागद छापखान्यात द्यायचे धाडस होईना. मनात थोडा रागही होता. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

घरात दोन ट्रंका उघड्या पडल्या होत्या. बाईंनी खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली आणि माझ्या दुरुस्त्या शांतपणे पाहिल्या.

“हे चूक होतं का?” त्यांनी विचारले.

“तुम्हीच शिकवलंत, बाई. माझ्या निबंधात तुम्ही हेच खोडलं होतं.”

“खोडलं होतं. परीक्षेत तुझे गुण जाऊ नयेत म्हणून.”

“तेवढंच?”

“नाही. शाळेत मलाही सगळे हसायचे. आमच्याकडे सगळ्यांनाच सगळं भेटायचं, भाकरी भेटायची, पगार भेटायचा. ती लाज मी तुम्हा पोरांवर काढली असेन. पण नियम खोटा नव्हता, हेही लक्षात ठेव.”

“मग इथं काय करू?”

त्यांनी माझी पेन्सिल मागून घेतली. ‘नोकरी मिळाली’ आणि ‘घर मिळाले’ या माझ्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या. “इथं ‘भेटणं’ सवयीनं आलं होतं.” मग ‘माहेर’पुढचे ‘मिळाले’ खोडून त्यांनी पुन्हा ‘भेटले’ लिहिले. “हे मी जाणून लिहिलंय. माहेर म्हणजे माणसं. आईच्या तोंडचा शब्द इथेच हवा मला.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तेच वाक्य हेरले. “अहो, आधी दोनदा ‘मिळाले’ आणि मग ‘भेटले’. वाचणाऱ्याला मुद्रणदोष वाटेल. अंक निरीक्षकांकडे जातो. उद्या पोरं पेपरात लिहितील आणि तुम्हालाच दाखवतील.”

“खरं आहे, सर,” मी म्हणालो. “पण लेख बाईंच्या नावाने आहे, आणि त्यांनी स्वतः ठरवून ठेवलाय तो शब्द.”

“तळटीप द्या मग.”

“तळटीप दिली की ते वाक्य मेलं, सर.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, वाक्य पुन्हा वाचले. “राहू द्या. शाळेच्या निवेदनात मात्र असलं काही खपवून घेणार नाही.”

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानेही आपणहून ‘मिळाले’ जुळवले. प्रुफात ते मला पुन्हा बदलून घ्यावे लागले. समासात ‘मुळाबरहुकूम’ असे लिहून मी खाली सही केली.

बाई गेल्या. मुख्याध्यापकांचे म्हणणे सहामाहीतच खरे ठरले. एका मुलीने लिहिले, ‘काकांना गोदीत काम भेटले,’ आणि मी विचारल्यावर तिने वार्षिक अंक पुढे केला. मी तिला दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून वाचायला लावली. बाईंनी काय राखले आणि काय सोडले, ते सांगितले. तिला ते कितपत पटले, कोण जाणे. तिचा अर्धा गुण मी कापला. बोर्डाचा परीक्षक कापणारच होता. पण वहीत ‘चूक’ असे लिहिले नाही. ‘घरी बरोबर, निबंधात “मिळाले” लिही’ असे लिहिले.

घरी आईला सुधारणे मी त्याच सुमारास सोडले. तिच्या ते ध्यानात आले की नाही, मी कधी विचारले नाही.