परिचय वाचणार कोण?

स्वतःबद्दल शंभर शब्द लिहायला बसलं की माणूस किती खोटारडा आहे ते कळतं. मी नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं त्या महिन्यात मला असे परिचय तीन ठिकाणी लिहावे लागले, आणि तिन्ही वेळा माझी चिडचिड झाली. माझं काम गोदामांच्या अग्निसुरक्षेचं. रॅक कुठे लावायचे, माल किती उंच रचायचा, आग विझवणारे छतातले स्प्रिंकलर आणि माल यांच्यात मोकळी जागा किती ठेवायची, हे ठरवून ड्रॉइंग करायचं. ते मला येतं. स्वतःची ओळख करून देणं येत नव्हतं.

नोकरी-धंद्याच्या ओळखी जिथे होतात त्या साइटवर मी ‘मी’ म्हणून लिहिलं. तिथे खातं आपलं, फोटो आपला, निरोप आला तर उत्तर आपणच देणार. तिथे ‘त्या एक अनुभवी सल्लागार आहेत’ असं लिहिलं तर लिहायला कुणी भाडोत्री माणूस ठेवलाय असं वाटतं. माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर मात्र मी अडकले. ‘मी’ लिहिलं तर एकटी बाई दिसते. ‘आम्ही’ लिहावं तर आम्ही म्हणजे मी आणि आमच्या जुईनगरच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल. शेवटी ‘त्या’ लिहिलं, कारण ते पान एखाद्या मालकाने भागीदाराला पाठवलं तर जसंच्या तसं चालतं.

नवरा मागून वाचत होता. म्हणाला, “अगं, ही ‘त्या’ फार मोठी बाई दिसतेय. आपल्याकडे कधी आली तर चहा कोण करणार?”

“तू,” मी म्हणाले.

तिसरा परिचय पावणे औद्योगिक वसाहतीत द्यायचा होता. तिथल्या छोट्या कारखानदारांची एक संघटना आहे. त्यांनी मला गोदामातल्या आगींवर व्याख्यान द्यायला बोलावलं होतं. उरणजवळच्या द्रोणागिरीकडे गोदामं बांधणारे बरेच जण येणार होते. मला पहिलं स्वतःचं काम मिळायचं तर ते त्या हॉलमधूनच मिळणार होतं, हे मला पक्कं माहीत होतं. घाईत मी साइटवरचाच ‘मी’वाला मजकूर पाठवून दिला. संघटनेच्या सेक्रेटरींचा लगेच फोन.

“मॅडम, हे असं नाय चालणार. आमच्याकडे पाहुण्याचा परिचय कार्यक्रमाचे अध्यक्ष वाचून दाखवतात. ते माइकवर ‘मी द्रोणागिरीचं गोदाम डिझाइन केलं’ असं वाचणार काय? लोक हसतील ना.”

त्यांचं बरोबर होतं. जो मजकूर दुसऱ्याच्या तोंडी जायचा तो दुसऱ्याच्या तोंडचाच लिहावा लागतो. मी बसून सगळा बदलला. ‘नोकरीत असताना द्रोणागिरीच्या मोठ्या गोदामाची संपूर्ण अग्निसुरक्षा त्यांनी आखली’ हे वाक्य चारदा वाचून ठेवलं. जुन्या नोकरीचा उल्लेख मुद्दाम टाळला नाही. मला काही लपवायचं नव्हतं. पण परिचय वाचणारे अध्यक्ष कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही.

हॉलमध्ये शिरले तर मंचावर अध्यक्षांच्या खुर्चीत माझे जुने सर बसलेले. ज्यांच्या फर्ममध्ये मी उमेदीची सगळी वर्षं काढली, ते. मला बघून प्रेमाने हसले. “ये, ये. आज आमची मुलगी बोलणार,” असं शेजाऱ्याला म्हणाले.

मग ते उठले आणि माझा कागद हातात घेऊन वाचू लागले. पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी. तिसऱ्याला चष्मा वर सरकवला आणि आवाज जरा मऊ केला. “नोकरीत असताना, म्हणजे आमच्याकडेच बरं का, द्रोणागिरीच्या मोठ्या गोदामाच्या अग्निसुरक्षेत, माझ्या मार्गदर्शनाखाली, त्यांनी मोलाची मदत केली.”

मदत! त्या गोदामाची साइट सरांनी उद्घाटनाच्या दिवशी पाहिली. ड्रॉइंगवर सही त्यांची होती, कारण फर्म त्यांची; ती रीत मला मान्य होती. पण रॅकची उंची कमी करा म्हणून मालकाशी भांडले ती मी. आणि सरांनी ‘आखली’चं ‘मदत केली’ वाचता वाचता केलं; कुणाला खटकलंही नाही. ‘त्यांनी’ असं मीच लिहून दिलं होतं; त्यात आपलं मार्गदर्शन घालायला जागाही मीच करून दिली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा माणूस बोलतोय म्हटल्यावर ते खरंच असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

मला माइक मिळाला. गप्प बसून पहिली स्लाइड दाखवायला हवी होती, असं नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितलं. मी म्हणाले, “एक दुरुस्ती. त्या गोदामाचं डिझाइन मी केलंय. सगळं. सरांची फक्त सही आहे.”

सर हसतच राहिले, मान हलवत, लाडावलेल्या लेकीकडे बघून हलवावी तशी. त्यानंतर मी तासभर बोलले आणि चांगलं बोलले, पण समोरचे चेहरे बंद झाले होते ते काही उघडले नाहीत.

चहाच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले. उरणकडचे, पूर्वीचे मिठागरवाले, आता स्वतःची गोदामं बांधणारे. माणूस सरळ होता.

“मॅडम, तुमचा काम मना आवरला, बेस वाटला,” ते म्हणाले. “सगला बराबर सांगलाव. पन त्ये ‘मी केला, मी केला’ कशाला? दुसऱ्यानं सांगला असता तं शोभून दिसला असता.”

“दुसऱ्याने सांगितलं ते तुम्ही ऐकलंत ना?”

“आयकला,” ते म्हणाले. “त्यानी तं तुमचा चांगलाच सांगला.”

त्यांच्या लेखी सर मोठ्या मनाचे ठरले होते आणि मी कृतघ्न. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो काढायला समोर एक चांगला म्हातारा माणूस सोडून कुणी नव्हतं. मी कप ठेवला आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. त्याच गृहस्थांचं नवं गोदाम होतं, काम फर्मला मिळालं होतं, आणि त्यांनी एक अट घातली होती: ती मॅडम पाहिजे.

“झालं गेलं विसरून जा,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरंच माया होती, हेच तर सगळ्यात वाईट. “आमची सल्लागार म्हणून ये. आपल्या वेबसाइटवर तुझं पान करू. तू काही लिहू नकोस, तुझा परिचय आम्हीच लिहितो.”

मी नाही म्हणाले.

नवऱ्याला सांगितलं. तो हळूच म्हणाला, “अगं, पण त्यांना तूच हवी होतीस. काम तर तुलाच मिळत होतं.”

“काम मिळालं असतं,” मी म्हणाले. “पण ते कुणी केलं, हे पुढच्या हॉलमध्ये पुन्हा त्यांनीच वाचून दाखवलं असतं.”