तिसगावच्या काकांचं लायसन

आमच्या बांधकाम उपविभागात निविदेच्या टेबलावर मी बसते. कंत्राटदारांच्या दृष्टीने मी खडूस बाई, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. कागद अपुरा असला तर मी तो परत करते, आणि ‘ताई, एवढ्या वेळी घ्या’ म्हणणाऱ्याकडे न बघता पुढचा कागद उचलते. घरीही मी अशीच आहे असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

या टेबलावर एक काम असं आहे की ते केलं काय आणि नाही केलं काय, कोणाच्या लक्षात येत नाही. निविदा भरणारी कंपनी सरकारच्या काळ्या यादीत आहे का, हे बघायचं. निविदेच्या अटीत स्पष्ट लिहिलेलं असतं की कोणत्याही सरकारी किंवा निमसरकारी विभागाने बंदी घातलेला कंत्राटदार पात्र नाही. तसं शपथपत्र प्रत्येकाकडून आपण घेतो. शंभराच्या बाँडवर, नोटरीचा शिक्का मारून, प्रत्येकजण शपथेवर सांगतो की मी स्वच्छ आहे. ते शपथपत्र बघून रकान्यात टिक करायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. साहेब म्हणायचे, “शपथ त्याने घेतली, जबाबदारी त्याची. आपण कशाला खाजवायचं?”

मला खाजवायची सवय आहे. आधी केंद्राच्या खरेदी पोर्टलवरची बंदीची यादी बघायची. राज्याची मात्र सगळ्यांची मिळून एक यादी मला आजवर कुठे सापडलेली नाही. प्रत्येक विभाग आपल्या संकेतस्थळावर आपापली लावतो. कुठे नीट तक्ता असतो, तर कुठे आदेशाचा तिरका फोटो, ज्यात शोधायची सोय नाही. तो मग डोळ्यांनीच वाचावा लागतो. तरी बाहेरच्या जिल्ह्यातली कंपनी असली की आमच्या ऑफिसात कोणीतरी यादी बघायचं. ओळखीच्या माणसाची मात्र माझ्याशिवाय कोणी बघत नसे. रोज समोर चहा पिणाऱ्याला यादीत काय शोधायचं, असं सगळ्यांना वाटे.

ही गोष्ट घडली तेव्हा निविदा होती शाळेच्या दोन खोल्यांची, तिसगावात. ते गाव आमच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराचं होतं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पांढरा सदरा, पायात चपला, खिशात मापाची टेप. ‘आमचं आता वय झालं, ही गावची शाळा बांधतो आन् लायसन खुंटीला टांगतो’ असं ते वर्षभर सांगत होते. जुनी शाळाही त्यांनीच बांधलेली. तिच्यावर दोन वर्ग चढवायचे होते, पायऱ्यांसकट. आपल्याच भिंतीवर दुसऱ्याने मजला चढवावा हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्यांचं काम मी पाहिलं आहे. पाणी मारायला मजूर आला नाही तर स्वतः पाइप धरून उभे राहणारा तो माणूस. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना हे काम त्यांनाच मिळावं असं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पहिला लिफाफा उघडला, म्हणजे कागदपत्रांचा. दराचा लिफाफा पात्र ठरणाऱ्यांचाच पुढे उघडतात. चार जणांचे कागद होते. मी नेहमीप्रमाणे याद्या घेऊन बसले आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका विभागाच्या तिरक्या फोटोत मला काकांच्या फर्मचं नाव दिसलं. बंदीचा कालावधी चालू होता.

मी घाबरले नाही. या भागात निम्म्या फर्मा गावदेवीच्या नावाने असतात, त्यामुळे नुसतं नाव जुळणं म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे एका देवीच्या नावाने दहा जण खडी टाकतात. मी त्या कार्यालयाला पत्र लिहिलं. आदेशाची प्रत पाठवा, पॅन आणि नोंदणी क्रमांक कळवा, आणि या आदेशाला कोर्टाची किंवा वरिष्ठांची स्थगिती आहे का तेही कळवा. उत्तर येईपर्यंत मी मनात दुसराच कोणी माणूस तयार करून ठेवला होता, लबाड आणि सोन्याची साखळी घालणारा.

उत्तर आलं. पॅन काकांचा, नोंदणी क्रमांक काकांचा, पत्ता त्यांच्याच गावचा. आरोग्य उपकेंद्राची इमारत अर्धवट सोडल्याबद्दल आणि काम निकृष्ट असल्याबद्दल बंदी. कारणे दाखवा नोटीस दोनदा दिली, पोच आहे, खुलासा आला नाही. स्थगिती नाही.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. “हे आपल्याला कोणी पाठवलं?”

“मी मागवलं.”

“कशाला मागवलंस?” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

नियमाप्रमाणे काकांकडून खुलासा मागवला. पोर्टलवर पत्र गेलं आणि दुसऱ्या दिवशी काका स्वतः टेबलासमोर उभे राहिले. मी आदेश त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि खुर्ची ओढली.

“ह्ये मी न्हाई केलं,” ते म्हणाले. “म्या त्या गावाला कदी गेल्तो बी न्हाई.”

“मग कोणी केलं, काका?”

“भाच्यानं. बहिनीचा पोरगा. त्याच्याकडं लायसन न्हवतं. म्हनला, मामा, तुमचं वापरू द्या. दिलं. समदेच देत्यात.”

खरंच सगळेच देतात. नोंदणी एकाची, काम दुसऱ्याचं. ऑनलाइन झाल्यावर तर सोपं झालं, डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा डोंगल खिशातून काढून द्यायचा. डोंगल दिला म्हणजे सही दिली, हे कोणाला वाटत नाही. स्कूटरची चावी द्यावी तसा देतात.

“आणि नोटीस? ती तुमच्या घरी आली होती. पोच आहे.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “पाकीट आलं हुतं. मी फोडलं न्हाई. तुजं काम, तूच बघ म्हनून त्याला दिलं. त्यो म्हनला, बघतो.”

मी त्यांना सांगितलं ते असं. फर्म तुमच्या एकट्याच्या मालकीची आहे, म्हणजे कायद्याला फर्म आणि तुम्ही वेगळे नाही. बंदी उठवणं आमच्या हातात नाही, ज्यांनी घातली त्यांच्याकडे किंवा कोर्टात जावं लागेल. आणि तिथे तुम्ही ‘काम माझं नव्हतं’ म्हणालात, तर ‘मी लायसन दुसऱ्याला दिलं’ हे आपोआप लिहून द्यावं लागेल. लायसन दुसऱ्याला वापरायला देणं हाच नोंदणीच्या अटींचा भंग आहे. त्याने नोंदणी जाऊ शकते, कायमची.

“म्हंजी खरं बोललो तर मेलो,” काका म्हणाले.

“आणि गप्प बसलात तर शपथपत्र जाणूनबुजून खोटं केलं असं ठरतं.”

“मला ठावंच न्हवतं ना, पोरी. शपथ मी खोटी न्हाई घेतली.”

माझा त्यावर विश्वास होता, आजही आहे. मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त दया आली होती, आणि दोन्ही लपवायला मी शिक्का शाईत दाबत बसले. त्यांनी विचारलं, “काय लिहू? तूच सांग.” मी म्हणाले की ते मी सांगू शकत नाही. उत्तराची मुदत मात्र सांगितली. ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, “मी बांदलेलं कुटं गळतंय का, सांग.”

“नाही काका. कुठेच नाही.”

ते गेल्यावर ऑफिसात माझ्याशी कोणी धड बोलेना. लेखा विभागातले भाऊसाहेब डबा खाताना म्हणाले, “त्या विभागाचा आदेश त्यांच्यापुरता असतो, ताई. आपल्याला काय त्याचं?” ते अगदीच चूक नव्हतं. एका विभागाची बंदी दुसऱ्याला आपोआप लागू होतेच असं नाही. पण आमच्या निविदेत ‘कोणत्याही विभागाने’ असे शब्द होते, आणि त्याच शब्दांवर उरलेल्या तिघांनीही कागद भरले होते. मी अट काढून दाखवली. भाऊसाहेबांनी डबा बंद केला.

खरं सांगायचं तर मला काकांच्या बाजूने काहीतरी सापडायला हवं होतं. मी आदेश पुन्हा पुन्हा वाचला, तारखा जुळवून पाहिल्या. निविदा उघडण्याच्या दिवसापर्यंत बंदी संपली असती तरी चाललं असतं, पण संपली नव्हती. मनात एकच धरून बसले होते, की या माणसावर अन्याय झाला आहे. त्यांनीही खुलाशात तेवढंच लिहावं, मग निविदा समिती काय करायचं ते करेल.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी काका आले. चपला धुळीने भरलेल्या, सदरा चुरगळलेला. हातात फुलस्केपवर स्वतः लिहिलेला खुलासा.

“जाऊन आलो,” ते म्हणाले.

“कुठे?”

“त्या उपकेंद्रावर. यष्टीनं गेलो, फुडं चालत.” खिशातून मापाची टेप काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “मोजून आलो. खांबाच्या सळयांभोवतीच्या रिंगा लई लांब लांब टाकल्यात. काँक्रीट नखानं निगतंय. तितं एका बाईनं पोराला टोचायला आनलं हुतं, ती भायेर झाडाखाली बसल्याली. नर्स बी झाडाखालीच. गेटावर बोर्ड हाय, कंत्राटदार म्हनून माजं नाव.”

मी खुलासा वाचला. त्यात त्यांनी लिहिलं होतं की लायसन आणि डोंगल मी माझ्या भाच्याला दिला, नोटीस मी फोडली नाही, आणि शपथपत्र केलं तेव्हा बंदीची मला माहिती नव्हती. हे सगळं मला अपेक्षित होतं. पुढची ओळ नव्हती. ‘मी काम प्रत्यक्ष पाहिले. बंदीचा आदेश बरोबर आहे.’

“काका, हे शेवटचं लिहायची गरज नव्हती,” मी म्हणाले.

“मी इंजिनेर असतो तर मी बी घातली असती बंदी,” ते म्हणाले. “आवक नंबर टाक.”

समितीने त्यांना अपात्र ठरवलं. त्यांचा दराचा लिफाफा उघडला गेला नाही, त्यामुळे त्यांनी काय दर भरला होता ते मला आजही माहीत नाही. शपथपत्र जाणूनबुजून खोटं केलं नाही, असं समितीने नोंदवलं. खुलाशाची प्रत नोंदणी कार्यालयाला पाठवणं भाग होतं. ते पत्र मीच टाइप केलं. पुढे त्यांची नोंदणी रद्द झाली.

काम दुसऱ्याला मिळालं. कार्यारंभ आदेशावर सही व्हायच्या आधी त्या माणसाचं नाव मी सगळ्या याद्यांमध्ये पुन्हा पाहिलं, कारण पात्रता त्या दिवशीही असावी लागते. या वेळी साहेबांनी स्वतः विचारलं, “बघितलंस का?” तो नवा कंत्राटदारही ओळखीचाच होता.

खोल्या बांधून झाल्या तेव्हा मी मोजमापाच्या कागदांसाठी साहेबांबरोबर गेले. वरच्या मजल्यावर नवा गिलावा होता. खाली जुन्या भिंतीला टेकून काका उभे होते, गावकरी म्हणून. मला बघून त्यांनी वर बोट केलं.

“रिंगा मोजल्या मी,” ते म्हणाले. “काँक्रीट वतायच्या आदी. रोज यायचो. बरोबर हायत.”