साबण आणि बुळबुळ

सासूबाईंना इमारतीत सगळे इंचबाई म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचे वर्ग चालवले, आणि कुणी ‘साधारण एवढं’ म्हणालं की त्यांचं डोकं फिरायचं. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्यांना कळे. तरी दोन खोल्यांच्या त्या घरात त्या एकट्या राहत होत्या आणि मरेपर्यंत तशाच राहणार म्हणत होत्या.

हा हट्ट मोडायला या खेपेला सून आली होती. चार दिवस राहायचं आणि पाचव्या दिवशी आईला घेऊनच यायचं, असं नवऱ्याने तिला बजावून पाठवलं होतं. मागच्या वेळी त्याने आईकडे पाणी प्यायला पेला उचलला, तर बुडाशी काळी चिकट रेघ. मग त्याने नळाच्या मागे डोकावून पाहिलं आणि त्याचं जेवणावरचं मनच उडालं. आईला तो एक अक्षर बोलला नाही. बायकोला मात्र म्हणाला, “तिला घाण दिसत नाही आणि ती ते कबूल करणार नाही. आता तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही.”

सूनही कधी बोलली नव्हती. दोन वर्षं दर खेपेला तिचा एक चोरटा उद्योग चालू होता. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की त्यांनी घासून ठेवलेली भांडी ती पुन्हा घासायची. नळ बारीक सोडायचा, चमचे फडक्यावर ठेवायचे, ताटाला ताट लागू द्यायचं नाही. यात आपण म्हाताऱ्या माणसाचा मान राखतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. डोळस माणसांच्या अशा समजुती फार असतात. घासलेली भांडी आपण निथळायला पुन्हा त्याच बरबटलेल्या रॅकमध्ये लावतो, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिसरं ताट विसळत होती, तेव्हा मागून आवाज आला.

“घासलेलं परत घासतेस?”

ताट हातातच राहिलं. सासूबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

“पहिल्या दिवसापासून ऐकतेय मी. नळाची धार फाटलीय, तिचा एक फाटा भिंतीवर उडतो आणि चर्र वाजतो. माझे डोळे गेलेत, कान नाहीत गेले.”

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण सासूबाईंचा आवाज चढला नाही, नुसता थरथरला. दोन वर्षं तुम्ही माझ्या पाठीमागे पुसत राहिलात, म्हणाल्या, आणि एकानेही कुठे घाण आहे ते मला सांगितलं नाही. मग सुनेने सगळंच सांगून टाकलं. पेल्याची रेघ, नळामागचा थर, आणि पाचव्या दिवशीचं ठरलेलं जाणं. सासूबाई स्टुलावर बसल्या. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

“सांगू नकोस. बोट ने तिथे.”

सुनेने त्यांचं बोट धरून नेलं. नळाच्या बुडाशी, भिंत आणि नळ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत. मग, आता कुठे तिच्या ध्यानात आलेल्या, रॅकखालच्या ट्रेमध्ये. रॅकच्या पायांना बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्यांवर. शेवटी नळाच्या तोंडाच्या जाळीवर. प्रत्येक ठिकाणी ते बोट थांबलं, मागे गेलं, परत आलं.

“हे?” त्या म्हणाल्या. “हे तर मला रोज लागतं. मी याला साबण समजत होते.”

सुनेने स्वतःचं बोट नळामागे घातलं, डोळे मिटले, आणि तिला कळलं की सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. ओल्या हाताला साबण आणि ती बुळबुळ अगदी एकसारखी लागते. सासूबाईंचे कान मात्र लाल झाले होते. ती लाज होती. पण लाज कुरवाळत बसणारी ती बाई नव्हती.

“साबण पाण्याने जातो, हे जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आधी भरपूर नुसतं पाणी, मग बोट. तरी निसटलं तर ते साबण नाही. चल, मला व्हिनेगर दे. आणि हात लावू नकोस.”

पुढे जे घडलं ते सून आ वासून बघत राहिली.

त्यांनी आधी सिंकच्या भोकावर फडकं दाबलं, काही पडलं तर वाहून जाऊ नये म्हणून. नळाच्या तोंडाला कापड गुंडाळलं आणि जाळीची कडी पिळून सोडवली. एकेक भाग त्या काढत गेल्या, जसा निघाला तसा ओळीने रुमालावर ठेवत गेल्या: रबराची चकती, प्लॅस्टिकचा तुकडा, जाळी, बाहेरची कडी. वाटीत कोमट व्हिनेगर घेऊन जाळी, प्लॅस्टिक आणि कडी भिजत घातली. रबर वेगळं धुतलं. तेवढ्यात रॅक उलटा केला, पायांच्या टोप्या ओढून काढल्या. आत साचलेलं काळं पाणी सुनेच्या पायावर सांडलं. टोप्या आणि ट्रे गरम साबणाच्या पाण्यात गेले. रॅकची प्रत्येक सळी त्यांनी ब्रशने घासली, आणि सळ्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे दोनदा.

नळामागे ब्रश जाईना. तेव्हा त्यांनी शिवणाच्या डब्यातून सुती कापडाची लांब पट्टी काढली, साबणात बुडवली, नळाच्या बुडामागून घातली आणि दोन्ही टोकं धरून आलटून पालटून ओढू लागल्या. पट्टी पांढरी गेली आणि काळी आली. त्यांनी तीन पट्ट्या घालवल्या. या घरात सून अकरा वर्षं येत होती, तिला ही जागा साफ करता येते हेच माहीत नव्हतं.

तासाभराने जाळी ब्रशने घासून, अडकलेले खडे सुईने काढून झाले. नळ जाळीशिवाय क्षणभर सोडून आतली वाळू वाहू दिली. मग रुमालावरून उलट्या क्रमाने एकेक भाग उचलत, रबर सगळ्यात शेवटी वर ठेवून, त्यांनी कडी हाताने फिरवून बसवली. नळ सोडला आणि मान कलती करून ऐकलं. भिंतीवर काही वाजत नव्हतं. धार सरळ खाली पडत होती, मऊ, एकसंध.

ज्या बाईला सांभाळायला म्हणून सून घेऊन जाणार होती, तिच्या हातांपुढे आपले डोळे किती आळशी आहेत, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी सगळं कोरडं पुसलं आणि कोरडं बोट सिंकच्या कडेवरून फिरवलं. स्टीलवर बोट कर्रकन वाजलं. त्या पहिल्यांदा हसल्या.

“आता तुझं काम. डोळ्यांनी बघ आणि खरं सांग.”

सून वाकली. भिंतीच्या डाव्या सांध्यात नखाएवढा काळा डाग राहिला होता. ‘छान झालंय, आई’ हे शब्द सवयीने ओठांवर आले. तिने ते गिळले आणि डाग कुठे आहे ते सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली, जणू कुणी त्यांना फार दिवसांनी नावाने हाक मारली होती, आणि चौथी पट्टी फाडायला घेतली.

त्याच वेळी नवऱ्याचा फोन आला. पाचव्या दिवशीच्या गाडीची तिकिटं काढतोय, म्हणाला, दोन काढू ना?

“एकच काढ,” ती म्हणाली.

“म्हणजे? झालं का सगळं स्वच्छ?”

“नाही,” ती म्हणाली. “थोडं राहिलंय. मी आईंना सांगितलंय.”