सुरमईचा शेवटचा डबा

ट्रान्सफॉर्मर जळला आणि तळवड्यातली आमची वीज संध्याकाळी गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच आली. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टपुरता. अजून गार आहे का ते बघायला नवरा सारखा फ्रिज उघडायचा. शेवटी मी ओरडले, "अरे, बघून बघूनच गरम करशील तो!"

सकाळी खालच्या कप्प्यातलं दूध ओतून दिलं, शिजवलेलं चिकनही टाकलं. "उकळून घेऊ की," तो म्हणाला. रात्रभर कोमट पडलेलं दूध उकळून काय चांगलं होतं?

फ्रीजरला मात्र मी त्याला हात लावू दिला नाही. कोकणात आईकडे वीज कायम जायची. म्हणून ती फ्रीजरमधल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवायची. भरलेला फ्रीजर जास्त वेळ टिकतो, म्हणायची. तिची ती सवय मीही उचलली. त्याच बाटल्यांमध्ये तिनं हळद-मीठ लावून पाठवलेल्या सुरमईचा डबा होता. तो पाठवला आणि पुढच्याच आठवड्यात ती गेली.

वीज आल्यावर मी डबा उघडला. कडेच्या तुकड्या जरा सैल झाल्या होत्या, पण सगळ्यांवर बर्फाचे कण हाताला लागत होते. "वासावर जाऊ नकोस, बर्फ लागला तर वाचलं समज," हेही तिचंच.

"आता तळूनच टाक," नवरा म्हणाला. "परत गोठवलीस तर चव जाईल."

बरोबर होतं त्याचं. मी झाकण घट्ट लावलं आणि डबा परत आत ठेवला.

जाऊ दे चव.