चौथा प्रश्न

आमच्या दवाखान्यात फ्लूच्या फोनवर बसणाऱ्या सिस्टरला आम्ही सगळे अक्का म्हणतो. बोलायला फटकळ. फोनवर विचारायचे प्रश्न एका कागदावर छापलेत. अकरा वर्षांत ते तिला तोंडपाठ झालेत, तरी ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचते. धाप लागते का, छातीत दुखतं का, लघवी कमी झाली का, ताप उतरून पुन्हा चढला का. एकालाही ‘हो’ आलं तर लगेच या. सगळी ‘नाही’ आली, वय फार नसेल, जुनं दुखणं नसेल, तर घरीच पडून राहा, पाणी भरपूर प्या.

परवा सकाळी तिच्या सख्ख्या भावाचा फोन आला. “अक्के, अंग ठणकतंय. दोन दिवस झोपून काढतो, काय?”

अक्काने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “धाप लागते का?”

“अगं, मी बोलतोय! मलाही कागद वाचून दाखवणार?”

“उत्तर दे.”

तीन उत्तरं ‘नाही’ आली. चौथ्याला तो म्हणाला, “सोमवारी उतरला होता, काल पुन्हा चढला. त्यात काय एवढं?”

“मास्क लाव, गाडी कर आणि आत्ताच्या आत्ता ये.”

तिने फोन ठेवला तशी मी हसून म्हणाले, “अक्का, घरच्यांना तरी सोड की!”

तिने कागद सरळ केला.

“आईला सोडलं होतं,” ती म्हणाली. “आवाज ठणठणीत वाटला, म्हणून चौथा विचारलाच नाही.”